हिशेबाची वही : बाकी सगळे तसेच राहिले तर...

सिल्वासात पंधरा-वीस वर्षे काढलेल्या कुठल्याही मराठी घरात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले वाक्य जुन्या लोकांचे: "इथे कर माफ होता म्हणून कारखाने आले, आणि कारखाने आले म्हणून आपण आलो." दुसरे वाक्य साधारण २०१५ नंतरचे: "आता माफी संपली, एकेक कारखाना गाशा गुंडाळणार." पहिल्या वाक्याच्या भरवशावर अनेकांनी गाव सोडून इथे संसार थाटले. दुसऱ्याच्या धास्तीने काहींनी घर घेणे पुढे ढकलले, तर काहींनी घेतलेले घर घाईने विकले. म्हणजे ही वाक्ये नुसत्या गप्पांची नाहीत, त्यांच्यावर घरांचे निर्णय झाले आहेत.

गंमत अशी, की दोन्ही वाक्यांचा सांगाडा एकच आहे. "एक गोष्ट बदलली, तर अमुक होईल." आणि दोन्हींत एक अर्धे वाक्य गिळलेले आहे: "बाकी सगळे तसेच राहिले तर." यावेळच्या वहीत त्या गिळलेल्या अर्ध्या वाक्याचा हिशेब मांडायचा आहे.

ज्यांनी बारावीला अर्थशास्त्र घेतले होते, त्यांना मागणीचा नियम आठवत असेल. इतर परिस्थिती स्थिर असताना वस्तूची किंमत वाढली की मागणी घटते. परीक्षेत "इतर परिस्थिती स्थिर असताना" हे चार शब्द लिहायला विसरले की मार्क कापले जायचे. या अटीला लॅटिनमध्ये सेटेरिस पॅरिबस म्हणतात. इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली आलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात ही रीत नीट समजावून सांगितली. त्यासाठी त्यांनी वापरलेली उपमा आपल्याला चटकन कळेल अशी आहे, कारण ती कोंडवाड्याची आहे. गावात मोकाट फिरणारी गुरे जशी कोंडवाड्यात घालतात, तशी हिशेबात गडबड करणारी कारणे तात्पुरती कोंडून ठेवायची आणि एकेका कारणाचा परिणाम वेगळा पाहायचा. यात "तात्पुरती" हा शब्द महत्त्वाचा आहे. गुरे मेलेली नसतात. ती कुंपणाच्या आत उभी असतात आणि दार कधीही उघडू शकते. एकेक दार उघडत हिशेब पुढे न्यायचा, हेच मार्शल यांना अभिप्रेत होते.

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. दादरा आणि नगर हवेली हा औद्योगिकदृष्ट्या मागास प्रदेश म्हणून आयकर कायद्याच्या आठव्या परिशिष्टात होता. त्यामुळे १ एप्रिल १९९३ पासून ३१ मार्च २००४ पर्यंत इथे उत्पादन सुरू करणाऱ्या नव्या कारखान्याला पहिली पाच वर्षे नफ्यावर शंभर टक्के वजावट मिळे आणि पुढची पाच वर्षे त्याहून बरीच कमी. त्याच्या जोडीला विक्रीकराची पंधरा वर्षांची माफी होती. या दोन्हींपैकी मी आज फक्त विक्रीकरच घेतो, कारण रोजच्या बिलावर दिसणारा फरक त्याचा होता आणि त्याचा हिशेब कुणालाही कागदावर करता येतो.

समजा, प्लास्टिकचे ड्रम बनवणारे दोन कारखाने आहेत. एक वापीत, एक सिल्वासात मसाटला. दोघांत अंतर वीसेक किलोमीटर. रेल्वे स्टेशन एकच, महामार्ग एकच, पाऊस एकच, आणि गिऱ्हाईकही एकच, महाराष्ट्रातली रंगाची एक कंपनी. "बाकी सगळे सारखे" म्हणायला याहून चांगली जोडी शोधून सापडणार नाही. दोघांचा ड्रम शंभर रुपयांचा धरू. वापीचा माल गुजरातची हद्द ओलांडून महाराष्ट्रात जाणार म्हणून त्यावर चार टक्के केंद्रीय विक्रीकर लागे. बिल १०४ रुपये. हा कर माल जिथून निघाला त्या राज्याला मिळत असे आणि घेणाऱ्याला त्याची वजावट मिळत नसे, म्हणजे चार रुपये रंगवाल्याच्या खर्चातच जात. सिल्वासाचा मालही हद्द ओलांडूनच जाणार, पण त्याला माफी. म्हणून सिल्वासावाला १०४ लाच विकून चार रुपये आपल्याकडे ठेवू शके, किंवा १०२ ला विकून गिऱ्हाईक ओढू शके.

आता या कारखान्याची वर्षाची विक्री पाच कोटींची धरा. चार टक्के म्हणजे वर्षाला वीस लाख. पंधरा वर्षांचे तीन कोटी. कारखाना १ एप्रिल २००२ ला सुरू झाला असे समजू. मालकाने बँकेत कर्जासाठी जो कागद दिला असेल, त्यात हे तीन कोटी दिसत असणार. त्या कागदात बेरीज-गुणाकाराची चूक एकही नाही. फक्त पंधराही वर्षे कोंडवाड्याचे दार बंद राहील, हे त्यात न लिहिता गृहीत धरलेले आहे.

कोंडवाड्यात काय काय होते, ते मोजून पाहू. केंद्रीय विक्रीकराचा दर चार टक्केच राहील. महाराष्ट्राची करपद्धत तीच राहील. वापीवाल्याला त्याच्या सरकारकडून अशी माफी मिळणार नाही. इतर कुठल्या प्रदेशाला आपल्याहून मोठी सवलत मिळणार नाही. सिल्वासात ड्रमचे आणखी कारखाने निघणार नाहीत. शेडचे भाडे, मजुरी आणि वीज आहे तिथेच राहील. एवढी सगळी गुरे एका कुंपणात होती.

त्यातले पहिले गुरू आपल्या पायाने बाहेर पडले. केंद्रीय विक्रीकर १ एप्रिल २००७ ला चारावरून तीन टक्क्यांवर आला आणि १ जून २००८ ला दोनवर. हा निर्णय सिल्वासाकडे बघून झालेला नव्हता. सगळ्या देशाची करपद्धत बदलायची होती, त्यातले ते पाऊल होते. आमच्या ड्रमवाल्याची माफी कागदावर जशीच्या तशी होती, तिला कुणी हातही लावला नव्हता. पण माफीची किंमत शेजाऱ्याला किती भरावे लागते यावर ठरते. वापीवाल्याचे बिल १०४ वरून १०३ आणि मग १०२ झाले, तेव्हा सिल्वासावाल्याचा फायदाही आपोआप चारावरून दोनवर उतरला.

नव्याने बेरीज करू. पहिली पाच वर्षे वर्षाला वीस लाख म्हणजे शंभर लाख. मग चौदा महिने वर्षाला पंधरा लाखांच्या हिशेबाने साडेसतरा लाख. मग जून २००८ पासून मार्च २०१७ पर्यंत आठ वर्षे दहा महिने वर्षाला दहा लाखांच्या हिशेबाने साधारण अठ्ठ्याऐंशी लाख. एकूण दोन कोटी सहा लाखांच्या आसपास. तीन कोटींचा कागद एकाच गुराने जवळजवळ एक तृतीयांश खाल्ला. ही तुलनाही फक्त वापीच्या कारखान्याशी झाली.

तुलना महाराष्ट्रातल्या कारखान्याशी केली तर चित्र आणखी वेगळे दिसते. १ एप्रिल २००५ ला महाराष्ट्रात मूल्यवर्धित कर, म्हणजे व्हॅट आला. आधीच्या पद्धतीत खरेदीवर भरलेला विक्रीकर पूर्ण वळता होईलच असे नव्हते. व्हॅटमध्ये रंगवाल्याने महाराष्ट्रातल्याच कारखान्याचा ड्रम घेतला, तर बिलावरचे चार रुपये त्याला आपल्या विक्रीवरच्या करातून वजा करता येऊ लागले. बिल १०४ चे असले तरी ड्रम त्याला पडला शंभरलाच. सिल्वासाचा ड्रमही माफीमुळे शंभरलाच. म्हणजे महाराष्ट्रातल्या विक्रेत्यासमोर सिल्वासाच्या माफीची धार २००५ मध्येच गेली होती, माफी संपायला तब्बल बारा वर्षे बाकी असताना. खरेदी विभागात बसणाऱ्या माणसाला हे पहिल्याच महिन्यात कळले असणार, कारण तो बिलाची रक्कम पाहत नाही, वजावटीनंतर हाती काय राहते ते पाहतो. बाहेरच्या माणसाला मात्र "माफी चालू आहे" एवढेच दिसत राहिले.

आतापर्यंतची गुरे स्वतःच्या मर्जीने बाहेर पडली. दुसरी जात याहून महत्त्वाची आहे. ही गुरे आपण ज्या गोष्टीचा हिशेब करतो आहोत तिच्याच धक्क्याने कुंपण मोडतात. अशा वेळी "बाकी सगळे तसेच" म्हणणे म्हणजे विहिरीतून पाणी उपसत राहायचे आणि पाण्याची पातळी तीच धरायची.

चार रुपयांचा फायदा दिसला की तो एकालाच दिसत नाही. ड्रमचा एक कारखाना चालला की दुसरा निघतो, मग तिसरा. तिघांनाही तीच माफी. आता सिल्वासावाल्याची स्पर्धा वापीशी कमी आणि शेजारच्या गल्लीतल्या शेडशी जास्त. एक जण १०४ ऐवजी १०३ ला देतो, दुसरा १०२ ला, तिसरा १०१ ला. सरकारने सोडलेला कर मालकाच्या गल्ल्यातून निसटून गिऱ्हाईकाच्या खिशात जातो. माफी सिल्वासाला, फायदा रंगाच्या कंपनीला. यात कुणी कुणाला फसवले नाही. पुष्कळांना एकसारखी सवलत मिळाली, की ती त्यांच्याकडे फार दिवस टिकत नाही, एवढेच.

दुसरा वाटा जागेवाला घेतो. आपला प्रदेश सगळा मिळून ४९१ चौरस किलोमीटरचा, आणि त्यातही बरेच जंगल. कारखान्याला योग्य अशी रस्त्याकाठची जमीन आमली, पिपरिया, मसाट, राखोली, खडोली, सायली अशा मोजक्या पट्ट्यांत. कर माफ म्हणून शंभर जण शेड मागू लागले, की शेडचे भाडे वाढणारच. आणि ते कशामुळे वाढले? करमाफीमुळेच. म्हणजे कागदावर ज्याला आपण "तसेच" धरले होते, त्याला आपल्याच सवलतीने हलवले.

तिसरा वाटा आपल्या, म्हणजे नोकरदारांच्या घरातून जातो. २००१ च्या जनगणनेत दादरा आणि नगर हवेलीची लोकसंख्या २,२०,४९० होती, २०११ मध्ये ती ३,४३,७०९ झाली. दहा वर्षांत सव्वा लाखाच्या जवळपास माणसे वाढली. त्यांत बाहेरून कामाला आलेली माणसे भरपूर, आणि त्यांना राहायला खोल्या हव्यात. समजा, खानदेशातून आलेल्या एका ऑपरेटरला गावी महिना ४,००० मिळत होते आणि इथे ६,५०० मिळणार होते. त्याने हिशेब केला, महिना अडीच हजार शिल्लक, वर्षाला तीस हजार, पाच वर्षांत गावी घराला स्लॅब. त्याने खोलीचे भाडे ६०० धरले, कारण आधी आलेल्या गाववाल्याने तेवढेच सांगितले होते. पण त्याच्यासारखा हिशेब करून हजारो जण आले. चाळीत खोली मिळेना, आणि ६०० ची खोली १,२०० ला गेली. आता शिल्लक अडीच हजार नाही, एकोणीसशे. हे आकडे मी समजण्यापुरते घेतले आहेत, पण त्यांची चाल खरी आहे. एकट्याने येण्याचा हिशेब बरोबर होता. सगळ्यांनी तोच हिशेब करून येण्याचा परिणाम वेगळा होतो. एका माणसाच्या येण्याने भाडे हलत नाही, सगळ्यांच्या येण्याने हलते. म्हणून "बाकी सगळे तसेच" ही अट एका कुटुंबाच्या हिशेबाला पुष्कळदा चालते, पण तीच गावाच्या हिशेबाला लावली की फसते.

चौथे गुरू फार लांबचे. सवलत दिल्याने कारखाने येतात, हे बाकीचे प्रदेशही पाहत होते. जानेवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने हिमाचल प्रदेश आणि उत्तरांचलसाठी, म्हणजे आजच्या उत्तराखंडसाठी, मोठी सवलत जाहीर केली. त्यात आयकराच्या सवलतीबरोबर दहा वर्षे उत्पादन शुल्क माफ होते. सिल्वासाच्या सवलतीत उत्पादन शुल्काची माफी कधीच नव्हती. ड्रमसारखी पोकळ वस्तू हिमाचलमधून इथवर आणणे परवडणार नाही, कारण ट्रक वजनाआधी हवेनेच भरतो. पण औषधाच्या गोळ्या हलक्या आणि महाग, त्यांना वाहतूक जाणवत नाही. म्हणून औषध कंपन्यांची रांग बद्दीकडे लागली. म्हणजे एकच घटना ड्रमवाल्याच्या हिशेबात जवळजवळ शून्य आणि गोळ्यांच्या कारखान्याच्या हिशेबात निर्णायक. कुठले गुरू सुटल्यावर आपलेच शेत खाईल, हे ज्याचे त्याने पाहावे लागते.

आता वहीचे पान उलटू आणि दुसऱ्या वाक्याकडे जाऊ. "माफी संपली, आता सगळे जाणार." २००२ मध्ये आलेल्यांची पंधरा वर्षे २०१७ मध्ये भरत होती, आणि त्याच वर्षी १ जुलैला जीएसटी आला. आधीचा विक्रीकर माल जिथून निघतो तिथे मिळे, जीएसटी माल जिथे वापरला जातो तिथल्या राज्याला मिळतो. त्यामुळे निघण्याच्या जागी विक्रीकर माफ करून कारखाना बोलावण्याची जुनी तऱ्हाच मोडीत निघाली. वापीच्या ड्रमवर आणि सिल्वासाच्या ड्रमवर सारखाच कर, आणि घेणाऱ्याला दोन्हींची पूर्ण वजावट. फायदा शून्य. मग कारखाने जायला हवे होते. पण एकजात सगळे काही गेले नाहीत, हे पिपरिया-मसाटच्या रस्त्याने पाळी सुटण्याच्या वेळी जाणारा कुणीही सांगेल.

कारण हे भाकीतही गुरे कोंडूनच केलेले होते. त्यात दोन गोष्टी तशाच धरल्या होत्या, आणि दोन्ही तशा नव्हत्या.

पहिली गोष्ट, पंधरा वर्षांत सिल्वासा तेच राहिले नव्हते. २००२ मध्ये मसाटच्या शेडमध्ये फक्त यंत्र होते. २०१७ मध्ये त्याच्या आजूबाजूला साचे दुरुस्त करणारा, सुटे भाग देणारा, ट्रक लावणारा, यंत्राचा आवाज ऐकून बिघाड ओळखणारा फिटर, आणि इथल्याच शाळेत शिकून कामाला लागलेली पुढची पिढी होती. ओढून आणायला चार रुपये लागले असतील, पण एकदा बसलेला कारखाना उठवायला त्याहून कितीतरी जास्त लागतात. यंत्र उपटून दुसरीकडे बसवायचे, माणसे नव्याने शिकवायची, मधले महिने गिऱ्हाईक सांभाळायचे, आणि जायचे तरी कुठे? जीएसटीने सगळीकडचीच विक्रीकराची दरी बुजवली होती. सिल्वासा पुढे होते ते बरोबरीला आले, मागे पडले नाही. येण्याचे कारण आणि राहण्याचे कारण एकच असते असे नाही. एक काढून घेतले तरी दुसरे उरते.

दुसरी गोष्ट फारशी कुणी बोलत नाही, पण मला ती सर्वांत शिकण्यासारखी वाटते. सिल्वासातल्या सगळ्याच कारखान्यांना माफी नव्हती. मुदत उलटल्यावर आलेल्यांना ती मिळाली नाही. असा उशिरा आलेला एक ड्रमवाला घ्या. आपला प्रदेश एवढासा, की इथे बनलेला बहुतेक माल हद्द ओलांडूनच विकला जातो. म्हणजे या बिनमाफीच्या कारखान्याला २००८ नंतर प्रत्येक बिलावर दोन टक्के केंद्रीय विक्रीकर बसे, आणि गिऱ्हाईकाला त्याची वजावट नसे. महाराष्ट्रातल्या विक्रेत्याचा ड्रम शंभरला पडे, याचा १०२ ला. जीएसटी आल्यावर हद्द ओलांडलेल्या मालावरच्या कराचीही पूर्ण वजावट मिळू लागली आणि याचाही ड्रम शंभरला पडू लागला. ज्या दिवशी जुन्या माफीवाल्याचे दोन रुपये गेले, त्याच दिवशी बिनमाफीवाल्याचे दोन रुपये वाचले. एकच बदल, एकच तारीख, एकच रस्ता, आणि एका शेडला तोटा तर दुसरीला नफा. "सिल्वासाचे काय होणार?" या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नव्हते.

हे वाचून कुणी म्हणेल, मग हिशेबच कशाला करायचा? सगळेच बदलते. हे म्हणणेही तितकेच चुकीचे आहे. चार रुपयांचा हिशेब खोटा नव्हता. त्याने दिशा बरोबर सांगितली होती, कारण कर माफ झाल्यावर कारखाने आलेच. चुकले ते दोन ठिकाणी. किती मिळेल ते जास्त धरले आणि किती दिवस मिळेल ते लांब धरले. ज्या मालकाने पंधरा वर्षांच्या तीन कोटींवर कर्ज उचलले तो अडचणीत येणार. ज्याने पहिल्या पाच वर्षांच्या एक कोटीत यंत्र फेडायचे ठरवले, त्याला पुढचे सगळे वरकड. दोघांचा कोंडवाडा एकच होता. फरक एवढाच, की दुसऱ्याने दार किती दिवस बंद राहील याचाही अंदाज बांधला.

म्हणून असे कुठलेही वाक्य कानावर आले की मी वहीत तीन ओळी लिहितो. पहिली: या वाक्यात काय काय तसेच धरले आहे, त्याची यादी. यादी लिहिली की निम्मे काम होते, कारण लपलेली अट दिसू लागते. दुसरी: या यादीतले काय या बदलाच्याच धक्क्याने हलेल? भाडे, मजुरी, शेजारच्या कारखान्याचा भाव, दुसऱ्या राज्याची सवलत ही सगळी अशीच असतात. ही आधी सोडून पुन्हा हिशेब करायचा. तिसरी: उरलेले साधारण किती दिवस तसेच राहील, आणि माझा निर्णय किती दिवसांचा आहे? सहा महिन्यांच्या कामाला "बाकी सगळे तसेच" पुष्कळदा चालून जाते. वीस वर्षांच्या गृहकर्जाला सहसा चालत नाही.

सध्या चालू असलेले एक वाक्य या तीन ओळींतून काढून पाहा. "कर गेला तरी वीज स्वस्त आहे, म्हणून उद्योग इथेच राहतील." यादी करा. विजेचा दर तोच राहील, वीज देणारी व्यवस्था तीच राहील, गुजरात आणि महाराष्ट्रातले दर तिथेच राहतील, आणि कारखान्याच्या खर्चात विजेचा वाटा तेवढाच राहील. यातली वीज देणारी व्यवस्था तर बदललीच आहे. १ एप्रिल २०२२ पासून इथल्या वीजवितरणात टोरेंट पॉवरचा ५१ टक्के हिस्सा आहे. यामुळे दर वाढतील की घटतील, हे वाक्यातून ठरत नाही, त्यासाठी दरवर्षीचा दराचा आदेश वाचावा लागतो. आणि वाचताना नुसता सिल्वासाचा दर पाहून उपयोग नाही, वापीचा आणि पालघरचा दर शेजारी ठेवून फरक पाहायला हवा. ड्रमच्या हिशेबात आपण तेच शिकलो, सवलतीची किंमत शेजाऱ्यावर ठरते. मग कारखाना कोणता तेही पाहायचे. सूत काढणाऱ्या, प्लास्टिक वितळवणाऱ्या कारखान्याला युनिटमागे पन्नास पैसे फार मोठे, नुसते पॅकिंग करणाऱ्याला ते जाणवणारही नाहीत.

ज्यांच्या घरी सध्या इथे फ्लॅट घ्यायचा की नाही यावर चर्चा चालू आहे, त्यांनी मुलाच्या किंवा सुनेच्या कारखान्यापुरतीच ही यादी करावी. माल काय बनतो, तो कुठे जातो, खर्चात सर्वांत मोठे काय, आणि तेच काम आणखी कुठे होऊ शकते. सगळ्या सिल्वासाचे भविष्य सांगणाऱ्या एका वाक्यापेक्षा या चार उत्तरांचा कर्जाचा हप्ता ठरवायला जास्त उपयोग होईल.